त्याच्या बाजूचे तीन पत्ते

माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ब्यूटी पार्लर आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'टॅरो कार्ड पाहून मिळेल' असं रंगवलेलं होतं. पांढरकवड्यात त्या खालच्या ओळीचा अर्थ कोणाला लागत नसे. पहिल्याच वर्षी एक म्हातारे गृहस्थ दोन फोटो आणि घरपट्टीची पावती घेऊन आले आणि हे कार्ड निघायला किती दिवस लागतात म्हणून विचारू लागले. मी त्यांना चहा पाजला आणि तहसीलचा रस्ता दाखवला.

हे पत्ते मी नागपूरला शिकले. पार्लरच्या कोर्ससाठी तीन महिने तिथं राहिले होते, तेव्हा शिकवणाऱ्या बाई दुपारच्या रिकाम्या वेळात आम्हा दोघीतिघींना पत्ते शिकवत. एकूण अठ्ठ्याहत्तर. त्यातले बावीस मोठे, बाकीचे छप्पन्न लहान आणि त्यांचे चार गट: काठ्या, पेले, तलवारी, नाणी. काठ्या म्हणजे आग, पेले म्हणजे पाणी, तलवारी म्हणजे वारा, नाणी म्हणजे माती. बाईंचा एक नियम होता आणि तो त्या दर आठवड्याला बजावून सांगत. ज्याचा पत्ता त्याचा हात. जो समोर बसलेला नाही त्याच्या मनात डोकावायचं नाही, ती चहाडी झाली. मी हा नियम वहीत लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती. लिहून घेतलेलं माणूस पाळतोच असं नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या भागात लग्नं कापसाच्या भावावर ठरत आणि कापसाच्या भावावरच मोडत. घराघरांत कापूस भिंतीला टेकून पडलेला असायचा आणि वधूच्या मेकपचं बुकिंग केलेल्या मुली महिन्याभरानं येऊन खालमानेनं सांगायच्या की तारीख पुढं गेली. मोठमोठ्या शहरांतून कॅमेरेवाले यायचे, एखाद्या ओसरीचा फोटो काढायचे आणि हायवेला चहा पिऊन परत जायचे. शेतकऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नसे. शेतकरीसुद्धा शेतकऱ्याला देत नसे. चपराशी चालेल, पण वावरवाला नको, असं बापच उघड म्हणायचे.

माझी धाकटी बहीण तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. दोनदा तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं आणि दोनदा मोडलं. पहिल्यांदा मुलाकडच्यांनी कापूस विकला गेला की तारीख काढू म्हटलं, आणि कापूस विकल्यावर दुसरीच मुलगी पाहिली. दुसऱ्यांदा काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही, साडी तेवढी परत आली. दोन्ही वेळा तिला कोणी काही विचारलं नव्हतं, ना ठरवताना ना मोडताना. बाबा रात्रंदिवस काळजीनं वाळत चालले होते, आणि मी, खरं सांगते, तिच्याकडं पाहून कंटाळले होते. माझी बहीण असूनही मला ती गळ्यातल्या लोढण्यासारखी वाटायची आणि तसं वाटल्याचा राग मी तिच्यावरच काढायची.

तिसरं स्थळ मुकुटबनकडच्या एका गावचं आलं. घरी आई आणि एकुलता एक मुलगा, वडील नाहीत. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. पाहायला आले तेव्हा मुलगा मान खाली घालून पोहे खात राहिला, एक शब्द बोलला नाही. आईच बोलली, आणि छान बोलली. ते गेल्यावर बहीण माझ्याकडं आली. म्हणाली, "ताई, तू लोकायचे पत्ते पाह्यते. माहे पाह्य. त्याले इथं बोलाव. आमचं जमते का नाही ते पाह्य. पत्ते नाही म्हणाले तं मी बाबाले नाही सांगीन. यावेळी मले ठरवाचं हाये."

म्हणून सात पत्त्यांची मांडणी काढायचं ठरलं. दोन माणसांचं जुळेल का हे पाहायला हीच मांडणी चांगली. टेबलावर दोन उभ्या रांगा करायच्या. डावीकडं एकाचे तीन पत्ते, उजवीकडं दुसऱ्याचे तीन. वरचा पत्ता अपेक्षेचा, म्हणजे या नात्याकडून त्याला काय पाहिजे. मधला मूल्यांचा, म्हणजे कशापुढं तो बाकी सगळं सोडून देईल. खालचा बोलण्याचा, म्हणजे तो मनातलं कसं सांगतो किंवा कसं गिळतो. सातवा पत्ता दोन रांगांच्या खाली मधोमध. तो दोघांनी मिळून उचलायचा, कारण तो एकाचा नसतो, दोघांना बांधून ठेवणारी जी गोष्ट असेल तिचा असतो. वाचताना रांग उभी वाचायची नाही, आडवी वाचायची: याची अपेक्षा त्याच्या अपेक्षेसमोर, याचं बोलणं त्याच्या बोलण्यासमोर. पाणी आणि मातीचं पटतं. आग आणि वाऱ्याचं पटतं. आग आणि पाणी समोरासमोर आले की एकमेकांना मारतात, वारा आणि मातीचंही तसंच. पण नुसतं एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, चित्रं एकमेकांकडं बघतात की पाठ फिरवतात तेही पाहायचं.

साक्षगंधाआधी मुलामुलीनं एका खोलीत बसायचं म्हणजे गावभर चर्चा. त्यावर मी तोड काढली. बाजाराच्या दिवशी दुपारी बहिणीनं येऊन आपले तीन पत्ते काढायचे, ते टेबलावर तसेच झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी मुलानं येऊन त्याचे काढायचे. तसा निरोप त्याच्या घरी धाडला. ती आली. पत्ते पिसले, डाव्या हातानं कापले, तीन काढले. अपेक्षेला दहा नाणी: भरलं घर, म्हातारा, नातू, दारात कुत्री. मूल्यांना तीन नाणी: तिघं मिळून एक कमान बांधताहेत. बोलण्याला पेल्यांचा लहानगा, ज्याच्या पेल्यातून मासा डोकं काढतो आणि तो त्याच्याशी मनापासून बोलतो. एकही पत्ता उलटा, म्हणजे डोकं खाली, पडला नव्हता. मी वर टॉवेल टाकला आणि ती घरी गेली.

संध्याकाळी मुलगा आला नाही. त्याची आई आली, हातात चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर मुलाची जन्मवेळ आणि जन्मगाव लिहिलेलं होतं.

"तो कुठं आहे, मावशी?" मी विचारलं.

"फवारणीले गेला. त्याचं काय काम? पत्रिका पाहाले पोट्टा कुठं लागते? टाइम आणला नं मी."

यात त्या माउलीची काही चूक नव्हती. आमच्याकडं जुळवणी म्हणजे कागदाला कागद लावायचा. मुलगा-मुलगी आपापल्या कामाला गेलेली असतात आणि त्यांचे ग्रह तिसऱ्याच ओसरीत बसून त्यांचं ठरवतात. पत्त्यांचंही तसंच असेल असं तिला वाटलं. मी तिला सांगायला पाहिजे होतं की मावशी, इथं टाइम चालत नाही, माणूस लागतो, पुढच्या बाजारी त्याला पाठवा. हे मला माहीत होतं. त्यांच्या गावात फोन होता, तेही माहीत होतं. पण मला पोहे खाणारा तो मुलगा आठवला. तो इथं बसला तर पत्ते काय म्हणतील याची मला भीती वाटली. ते नाही म्हणाले असते तर बहीण नाही म्हणाली असती, आणि चौथं स्थळ कुठून आणायचं होतं? मी म्हटलं, "बसा मावशी. त्याच्या वतीनं तुम्हीच काढा."

कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या. इतके पत्ते तिच्या हातात मावेनात, तेव्हा मी ते कापडावर पसरले आणि तिनं दोन्ही तळव्यांनी ते वाळवण फिरवावं तसे फिरवले. मग मी गोळा केले, तिनं कापले, तीन काढले. अपेक्षेला सहा पेले: अंगणात एक मूल दुसऱ्या मुलाला फुलांनी भरलेला पेला देतंय. मूल्यांना नाण्यांची राणी, मांडीवर नाणं घेऊन लेकराकडं पाहावं तशी त्याच्याकडं पाहणारी. बोलण्याला पेल्यांची राणी, ऐकून घेणारी. मी टॉवेल काढला आणि आडवं वाचलं. भरल्या घरासमोर अंगण, पाणी आणि माती. मिळून बांधणाऱ्यासमोर जपणारी, माती आणि माती. मासा घेऊन आलेल्या लहानग्यासमोर ऐकून घेणारी राणी, पाणी आणि पाणी. इतकी गोड मांडणी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. सातव्यासाठी बहिणीचा हात नव्हता, म्हणून तिथं मी माझा ठेवला. मावशींचा आणि माझा हात मिळून पत्ता उलटला. सम्राज्ञी निघाली, म्हणजे मोठ्या पत्त्यांतली आई, पिकात गादी टाकून बसलेली.

"हे गहू दिसते," मावशी म्हणाल्या. "कापसाची पऱ्हाटी नाही कायले काढली?"

"काढणारा विदर्भातला नव्हता, मावशी."

त्या मनापासून हसल्या. मीही हसले. एकतीस-बत्तीस वर्षांच्या मुलाच्या जागी दोन दोन राण्या आल्या होत्या आणि खाली साक्षात आई येऊन बसली होती, आणि पत्ते वाचून पोट भरणारी मी ते पाहूनही म्हणाले की आशीर्वाद आहे, लेकरंबाळं होतील, घर नांदेल. दरबारी पत्ते, म्हणजे राजा, राणी, स्वार, पुष्कळदा खऱ्याखुऱ्या माणसाकडं बोट दाखवतात, हे नागपूरला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. मी तिला मांडणी दाखवली, जशीच्या तशी. तिनं प्रत्येक जोडीवर बोट ठेवून विचारलं. मग म्हणाली, "तो आलता?"

"आलता," मी म्हटलं.

"काय बोलला?"

"कमी बोलते तो. पण मनाचा चांगला हाये."

ती लाजली. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी तिला एवढं खूश कधी केलं नव्हतं.

लग्न गावच्या सामूहिक सोहळ्यात झालं. मेकप मीच केला, फुकट, आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली. त्यानंतर जे झालं त्यात वाद नाही, भांडण नाही, मारहाण तर मुळीच नाही. सासू-सुनेचं असं काही जमलं की आजूबाजूच्या बाया जळायच्या. दोघी मिळून तण निंदायला जायच्या, मिळून वेचायला जायच्या, एका ताटात जेवायच्या. बहीण माहेरी आली की चौथ्या दिवशी म्हातारीचा निरोप यायचा, करमून नाही राह्यलं, येऊन जाय. पत्त्यांनी सांगितलेलं सगळं अक्षर अन् अक्षर खरं निघालं. फक्त जुळलं होतं ते त्या दोघींचं, नवरा त्यात कुठंच नव्हता.

तो घरात पाहुण्यासारखा असायचा. ताट वाढलं की जेवायचा, विचारलं तर हो किंवा नाही. एका वर्षी पऱ्हाटी लाल पडून वाळली, तेव्हा तो कोणाला न सांगता हैदराबादला गेला आणि तिथं एका गोदामात पहारेकऱ्याचं काम धरलं. पोळ्याला एकदा आला, दिवाळीला आला नाही. बहीण शेजारच्यांच्या फोनवर बोलायची. तीच बोलायची, पलीकडून नुसतं हं यायचं. लेकरंबाळं झाली नाहीत.

चौथ्या वर्षी म्हातारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तो आठ दिवस आला. परत निघायच्या दिवशी बहीण त्याला हैदराबादच्या गाडीवर बसवून द्यायला पांढरकवड्याला आली आणि सरळ त्याला माझ्या दुकानात घेऊन आली. पिशवी त्याच्या खांद्यालाच होती. ती म्हणाली, "ताई, आमची सात पत्त्यायची पुन्हा काढ. मी त्याच्यासंगं जाऊ का इथंच राहू, ते मले पाह्याचं हाये. गाडीले एक तास हाये."

मला नको म्हणता आलं नाही. मी कापड अंथरलं, गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला. तो त्याकडं पाहत राहिला.

"कसे फिरवाचे हे?" त्यानं विचारलं.

"मागच्या टाइमले फिरवले तसेच," बहीण म्हणाली.

"मागच्या टाइमले कवा? मी तं इथं पयल्यांदा येऊन राह्यलो."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी कापडाची सुरकुती सरळ करत बसले. तिला समजायला काही वेळ लागला नाही. पण ती नुसतं म्हणाली, "फिरव. मग डाव्या हातानं काप. तीन काढ." सगळी पद्धत तिच्या ध्यानात होती.

त्यानं काढले, उरलेले तिनं फिरवून तिचे काढले. मी आडवं वाचायला घेतलं आणि या वेळी काहीच लपवलं नाही, कारण लपवायला काही शिल्लकच नव्हतं. अपेक्षा: तिच्याकडं चार काठ्या, हार बांधलेला मांडव, घरी येणाऱ्याचं स्वागत. त्याच्याकडं आठ पेले, रचलेले पेले मागं टाकून डोंगराकडं निघालेला माणूस, आपल्याकडं पाठ केलेला. आग आणि पाणी. मूल्यं: तिच्याकडं चार नाणी, एक छातीशी, एक डोक्यावर, दोन पायाखाली घट्ट धरलेली. त्याच्याकडं तलवारींचा स्वार, घोडा भरधाव सोडलेला. माती आणि वारा. बोलणं: तिच्याकडं आठ काठ्या, उलट्या, म्हणजे निरोप सुटतात पण पोहोचत नाहीत. त्याच्याकडं चार तलवारी, दगडी शवपेटीवर हात जोडून निजलेला शिपाई. आग आणि वारा, गटांचं म्हणाल तर इथं पटतं. पण एकीनं आठ काठ्या फेकायच्या आणि दुसऱ्यानं डोळे मिटून निजायचं, याला पटणं म्हणत नाहीत.

मी थांबले. तो त्या पाठ फिरवलेल्या माणसाकडं बघत होता. मग चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याला एवढं सलग बोलताना ऐकलं.

"मले वावर करायचं नव्हतं, ताई. लगनही करायचं नव्हतं. आईनं म्हटलं पत्ते चांगले निघाले. मी म्हटलं, मंग ठीक हाये." मग बहिणीला म्हणाला, "तू वाईट नाही. तुह्या जागी कोणीही असतं तं असंच झालं असतं."

त्याला वाटलं असावं की हे तिला बरं वाटेल.

सातवा पत्ता राहिला होता. तो दोघांनी मिळून काढायचा. बहिणीनं गठ्ठ्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली. त्यानं घड्याळ पाहिलं, पिशवी सावरली, म्हणाला, गाडी लागली असंल, आणि तो गेला. ती बसूनच राहिली, हात तसाच. मग म्हणाली, "त्यायच्या गावात फोन होता नं तेव्हा?"

"होता."

"तू बोलावलं असतं तं तो आला असता. आला असता तं हेच निघालं असतं."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच नाही बोलावलं."

मला वाटलं ती गठ्ठा माझ्या तोंडावर फेकेल. तिनं तो फेकावा असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी बावळटासारखी म्हणाले, "सातवा मी काढू का?"

"नको. पुन्हा दुसऱ्याच्या जागी हात नको ठेवू."

मी तिला म्हटलं, माझ्याकडं राहा, पार्लरचं काम शिक, अजून वय गेलं नाही, बाबांना मी समजावते. मी बरंच काही बोलले. ती ऐकत होती, पण जसं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या मेकपचा भाव ऐकतं तसं. शेवटी ती उठली. पदर नीट केला.

"ताई, एक कर. आईले नको सांगजो," ती म्हणाली.

"काय?"

"का त्यायनं काढलेले पत्ते चुकीचे होते म्हणून. त्यायले वाटते, आपल्या हातानं सुनेचं भलं झालं. गावात सगळ्यायले सांगते त्या. आजवर मले वाटे, सोयरीक जमवली म्हणून म्हणते."

मी मान हलवली. तिनं गावाकडची गाडी पकडली, कारण संध्याकाळी म्हातारीच्या डोळ्यात औषध घालायचं होतं आणि ते तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून ती घालून घेत नसे.